एकच सॅक, पाच रंग: आकार आणि टीप न हलवता कॅटलॉगची चित्रे कशी तयार करावीत

कॅटलॉगमध्ये एखादी सॅक पाच रंगांत दाखवली जाते, तेव्हा पाहणाऱ्याची अपेक्षा एवढीच असते की रंगाच्या गोलावर बोट ठेवल्यावर फक्त रंग बदलावा. चित्रनिर्मितीच्या साधनाला पाच वेळा पाच रंग सांगून चित्रे मागवली, तर नेमके तेवढेच होत नाही. नेव्ही रंगाच्या चित्रात पुढच्या खिशाची चेन सरळ येते आणि मरून रंगात ती कमानदार होते; हिरव्या सॅकला एक पट्टा जास्त येतो, तर मोहरी रंगाच्या सॅकवरची दुहेरी टीप एकेरी होऊन जाते. प्रत्येक चित्र सुटे पाहिले तर देखणे असते, पण पाचही शेजारी ठेवली की त्या पाच वेगवेगळ्या सॅक आहेत हे लगेच कळते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. समजा, धारावीतील एका गाळ्यात शिवलेली ४५ सेंटिमीटर उंचीची सॅक आहे. कापड ६०० डेनियर पॉलिस्टर, पुढे एक मोठा खिसा, खिशाच्या कडेने दुहेरी टीप, काळी चेन, काळे बकल आणि विणलेले काळे पट्टे. कापडाचे रंग पाच: नेव्ही, बाटली हिरवा, मरून, मोहरी आणि काळा. चेन, बकल आणि पट्टे सर्व रंगांत काळेच राहणार आहेत.

रंगाचा शब्द आकारही का बदलतो

नवशिके बहुधा पहिला उपाय करतात तो सीड कायम ठेवण्याचा. सीड म्हणजे चित्र ज्या यादृच्छिक ठिपक्यांतून घडायला सुरुवात होते, त्या ठिपक्यांची मांडणी ठरवणारा आकडा. सीड तोच ठेवला की सुरुवात तीच होते, हे खरे आहे. परंतु पुढच्या प्रत्येक पायरीवर मॉडेल वर्णनातील सगळे शब्द पुन्हा विचारात घेत असते, आणि चित्राचा ढोबळ आकार तर पहिल्या काही पायऱ्यांतच ठरून जातो. त्यामुळे ‘नेव्ही’च्या जागी ‘ऑलिव्ह’ लिहिले की तो शब्द केवळ कापडापुरता राहत नाही. मॉडेलने शिकताना ऑलिव्ह रंगाच्या ज्या बॅगा पाहिल्या त्यांत लष्करी धाटणीच्या बॅगा भरपूर असतात, म्हणून रंगाबरोबर आडव्या पट्ट्यांच्या रांगा आणि जाड बकलेही येतात. गुलाबी म्हटले की सॅक शाळेच्या दप्तरासारखी गोलसर होऊ लागते. शिवाय रंग इकडेतिकडे सांडतो: चेनची पट्टी, रनरची दोरी, कधी पार्श्वभूमीसुद्धा त्याच छटेकडे झुकते.

वर्णन अधिक काटेकोर लिहून हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. कडांचा नकाशा देऊन आकार बांधून ठेवणारे कंट्रोलनेटसारखे उपाय पुष्कळ पुढे नेतात आणि सॅकची बाह्यरेषा चांगली टिकवतात. मात्र शिवणीपाशी तेही अपुरे पडतात. याचे कारण हिशेबाने समजून घेण्यासारखे आहे.

स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातील चित्रनिर्मितीची मॉडेले चित्रावर थेट काम करत नाहीत. ती आधी चित्र आक्रसून घेतात. लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांना आठ पिक्सेलांचा एक चौकोन होतो, म्हणजे १०२४ पिक्सेलांचे चित्र आतमध्ये १२८ चौकोनांचे असते. आता आपली सॅक १०२४ पिक्सेल उंच चित्राचा ८५ टक्के भाग व्यापते असे धरू. मग ४५ सेंटिमीटरसाठी सुमारे ८७० पिक्सेल मिळतात, म्हणजे एका मिलिमीटरला दोनाहून थोडे कमी. सॅकवर इंचाला सात टाके असतील, तर एक टाका सुमारे साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे चित्रात सात पिक्सेलांचा होतो. याचा अर्थ एक पूर्ण टाका एका चौकोनातच मावतो, आणि दोऱ्याची जाडी तर एका पिक्सेलहूनही कमी भरते. अशा स्थितीत मॉडेल टाके आठवून काढत नाही. ‘येथे शिवण असावी’ एवढे धरून टाक्यांसारखे काहीतरी प्रत्येक वेळी नव्याने रचते. फ्लक्ससारख्या नंतरच्या मॉडेलांत प्रत्येक चौकोनात जास्त माहिती साठते, त्यामुळे टीप अधिक स्वच्छ दिसते, परंतु चौकोन आठ पिक्सेलांचाच राहतो आणि टाक्यांची संख्या दोन चित्रांत जुळेल याची हमी मिळत नाही.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आकाराला किंवा टाक्यांना हात लावणारी प्रत्येक गोष्ट एकदाच आणि रंग चढवण्याआधी करावी. रंग चढवणे मात्र निव्वळ गणिताने करावे, ज्यात मॉडेलला नव्याने काही रचण्याची मुभाच नसते.

पहिली पायरी: मूळ प्रतिमा

सॅक प्रत्यक्ष शिवलेली असेल तर तिचा फोटो काढावा, आणि त्याच फोटोला मूळ प्रतिमा मानावे. निर्मितीचे साधन पार्श्वभूमी बदलण्यासाठी किंवा सुरकुत्या काढण्यासाठी वापरायचे असेल तर ते याच टप्प्यावर वापरावे.

नमुना फिकट करड्या कापडाचा असावा. पांढऱ्या कापडावर उजेडाच्या जागा जळून जातात आणि तेथील टाके कायमचे हरवतात. काळ्या कापडावर सावलीत टाके दिसतच नाहीत. रंगीत कापड घेतले तर त्या रंगाचा अंश पुढच्या प्रत्येक छटेत डोकावतो. ० ते २५५ या मापात कापडाचा मधला भाग १८० च्या आसपास आणि सर्वांत उजळ भाग २२० च्या आत राहील असा प्रकाश ठेवावा.

नमुना शिवायला देताना दोऱ्याचाही विचार करावा, कारण नंतर तो सुधारता येत नाही. विक्रीच्या मालात दोरा कापडाच्याच रंगाचा असणार असेल, तर नमुना करड्या दोऱ्याने शिवून घ्यावा. मग दोरा कापडाबरोबर आपोआप रंग घेतो. उलट सर्व रंगांवर नारिंगी टीप राहणार असेल, तर नमुन्यावरही नारिंगीच दोरा हवा. करड्या कापडावर नारिंगी दोरा रंगावरून सहज निवडता येतो, पण एवढा बारीक दोरा हाताने निवडणे कुणालाच शक्य नाही. आपल्या उदाहरणात दोरा कापडाच्या रंगाचा आहे.

नमुना अजून शिवलाच नसेल आणि सॅक केवळ कल्पनेत असेल, तर मूळ प्रतिमा मॉडेलकडून करून घ्यावी लागते. तेव्हा अनेक चित्रांतून एक निवडताना देखणेपणाकडे दुय्यम लक्ष द्यावे. मॉडेलने रचलेल्या बॅगेत शिवण मध्येच सुरू होऊन कुठेच पोहोचत नाही, चेनला दोन तोंडे येतात, खांद्याचा पट्टा वरच्या बाजूने कापडात न शिरता नुसताच चिकटलेला दिसतो. निवडलेले चित्र रंग चढवण्यापूर्वी शिवणाऱ्या कारागिराला दाखवावे आणि ‘ही टीप कुठून मारायची?’ एवढेच विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर ते चित्र बाजूला ठेवावे. माझ्या मते या टप्प्यावरची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी परीक्षा आहे.

चित्र मोठे करायचे असेल तर तेही आत्ताच करावे. आकार वाढवणारी बहुतेक आधुनिक साधने तपशील स्वतः रचून भरतात. पाच रंगांची पाच चित्रे स्वतंत्रपणे मोठी केली, तर आतापर्यंत एकसारख्या असलेल्या पाच शिवणी तेथे वेगळ्या होतील. मोठी केलेली मूळ प्रतिमा एकच असावी. दोन हजार पिक्सेलांच्या चित्रात आपला टाका साडेतेरा पिक्सेलांचा होतो आणि मोजता येईल इतका स्पष्ट दिसतो.

दुसरी पायरी: मास्क

मास्क म्हणजे कोणत्या पिक्सेलवर रंग चढवायचा हे सांगणारे काळेपांढरे चित्र. पांढरे असेल तेथे रंग चढतो, काळे असेल तेथे मूळ पिक्सेल जसाच्या तसा राहतो. आपल्या सॅकला प्रत्यक्षात एकच मास्क पुरतो, तो कापडाचा. चेन, रनर, बकल, पट्टे आणि लोगो यांवर तो काळा असतो. पट्ट्यांचा रंगही बदलायचा असता तर त्यांचा दुसरा मास्क लागला असता, कारण विणलेला पट्टा आणि कापड एकाच रंगात रंगवले तरी प्रकाश वेगळ्या प्रकारे परततात आणि त्यांची छटा वेगळी मोजावी लागते.

मास्कची कड एका पिक्सेलपुरतीच मऊ ठेवावी. ती जास्त मऊ असेल तर चेनच्या काठावर रंगाचा धूर पसरतो, आणि अगदी कठोर असेल तर काठ दातेरी दिसतो. खरी अडचण सॅकच्या बाहेरच्या कडेला येते. तेथील पिक्सेलांत करडे कापड आणि पांढरी पार्श्वभूमी यांचे मिश्रण असते, त्यामुळे मोहरी सॅकभोवती केसाएवढी करडी रेघ उरते. ती टाळण्यासाठी कापडाचा मास्क सॅकच्या बाहेर तीन-चार पिक्सेल सांडू द्यावा, आणि रंग चढवून झाल्यावर सॅकची बाह्यरेषा एका वेगळ्या कटआउटने कापावी. हा कटआउट एकदाच तयार करावा, एक पिक्सेल आत घ्यावा आणि पाचही रंगांना तोच लावावा. जमिनीवरची सावली वेगळ्या थरात ठेवली की तिला रंग लागण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी पायरी: रंग मोजणे आणि चढवणे

रंगाच्या नावावरून रंग ठरवू नये. कापडाच्या तुकड्यावरून ठरवावा. पाचही कापडांचे तुकडे, शेजारी फोटोग्राफीचे ग्रे कार्ड ठेवून, मूळ फोटोच्याच प्रकाशात टिपावेत. मुंबईत पावसाळ्यात खिडकीतून येणारा ढगाळ प्रकाश छान पसरलेला असतो, पण निळसर असतो. ग्रे कार्ड करडे दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स दुरुस्त केल्याशिवाय त्या फोटोतला मरून जांभळ्याकडे झुकलेला मिळतो. दुरुस्तीनंतर तुकड्याच्या मधल्या भागाची सरासरी घ्यावी. आपल्या नेव्ही कापडासाठी लाल ३०, हिरवा ४४, निळा ७२ असे आकडे मिळाले असे समजू.

आता हे आकडे सॅकवर कसे न्यायचे? छायाचित्र संपादकातील ‘ह्यू’ फिरवण्याचा पर्याय येथे उपयोगी नाही, कारण करड्या कापडाला फिरवण्याजोगा रंगच नसतो. केवळ रंगछटा चढवून उजळपणा तसाच ठेवला, तर नेव्हीऐवजी आकाशी सॅक तयार होते. खऱ्या कापडाचे वर्तन साधे आहे: एखाद्या ठिकाणी पडणारा प्रकाश आणि कापड त्यातला जेवढा भाग परतवते तो भाग, यांचा गुणाकार आपल्याला दिसतो. म्हणून करड्या सॅकवरील प्रत्येक पिक्सेल मधल्या उजळपणाच्या किती पट आहे हे आधी काढायचे, आणि त्या पटीने नवा रंग गुणायचा. टाक्याजवळची बारीक सावली मूळ प्रतिमेत सत्तर टक्के असेल, तर नेव्हीतही ती सत्तर टक्केच राहते, आणि तीही त्याच पिक्सेलवर.

हा गुणाकार प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात करावा लागतो. फाइलमधले आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात, म्हणून आधी त्यांचा २.२ वा घात घ्यावा आणि शेवटी उलट क्रिया करावी. पायथॉन आणि ओपनसीव्ही असेल तर एवढे पुरते:

```python
import cv2, numpy as np

img = cv2.imread("master.png").astype(np.float32) / 255
mask = cv2.imread("mask.png", 0).astype(np.float32)[..., None] / 255
lin = img ** 2.2
Y = lin @ np.array([0.0722, 0.7152, 0.2126], np.float32)
ref = 0.465
target = (np.array([72, 44, 30], np.float32) / 255) ** 2.2
S = (Y / ref)[..., None]
new = np.clip(S * target, 0, 1)
out = lin * (1 - mask) + new * mask
out = (out ** (1 / 2.2) * 255).round().astype(np.uint8)
cv2.imwrite("navy.png", out)
```

येथे `target` मधील आकडे निळा, हिरवा, लाल अशा उलट क्रमाने लिहिले आहेत, कारण ओपनसीव्ही रंग त्याच क्रमाने वाचते. हा क्रम चुकला की नेव्हीऐवजी तपकिरी सॅक हाती येते, आणि चूक लगेच ओळखू येते. `ref` म्हणजे करड्या कापडाच्या मधल्या भागाचा उजळपणा. १८० ला २५५ ने भागून २.२ वा घात घेतला की ०.४६५ मिळतात. तुमच्या प्रतिमेत मधला भाग वेगळा असेल तर हा आकडा त्यावरून काढावा, पण एकदा काढल्यावर पाचही रंगांसाठी तोच ठेवावा.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांनी छायाचित्र संपादकात कापडाच्या मास्कखाली रंगाचा थर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने टाकला तरी जवळपास हाच परिणाम मिळतो. मात्र करडे कापड १८० वर असल्यामुळे प्रत्येक रंग अपेक्षेपेक्षा गडद येईल आणि थराचा रंग त्या प्रमाणात उजळ निवडावा लागेल.

बाटली हिरवा आणि मरून यांत या पद्धतीने काही विशेष अडत नाही. मोहरीत सर्वांत उजळ जागा तपासाव्यात, कारण मोहरीतील लाल घटक मुळातच मोठा असतो आणि पटीने गुणल्यावर २५५ च्या वर जाऊन कापला जाऊ शकतो. तसे झाले तर उजेडातली मोहरी लिंबासारखी पिवळी दिसते. मूळ प्रतिमेतला उजळ भाग २२० च्या आत ठेवण्याचे कारण हेच.

काळा रंग वेगळा हाताळावा लागतो

वरची पद्धत काळ्या रंगावर वापरली की सॅकच्या जागी सॅकच्या आकाराचे भोक दिसते. याची कारणे दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळी सोडवावी लागतात.

पहिले कारण आकड्यांचे आहे. टाक्याजवळची सावली सत्तर टक्के प्रकाशाची असेल, तर करड्या कापडावर १८० च्या शेजारी १५३ असा आकडा येतो. फरक २७ चा, म्हणून टीप ठळक दिसते. काळ्या कापडाचा आकडा २८ धरला, तर तीच सावली २४ वर येते. फरक केवळ चारचा. टीप गणिताने अगदी जागच्या जागी आहे, पण फोनच्या पडद्यावर ती दिसत नाही, आणि जेपेग फाइल करताना तेवढा फरक सहज पुसला जातो. म्हणून कॅटलॉगमधला काळा मोजलेल्या काळ्यापेक्षा थोडा वर, ३८ ते ४० च्या आसपास ठेवावा. छायाचित्रकारही काळ्या वस्तूवर जादा प्रकाश टाकून हेच साधतात. त्यामुळे ही फसवणूक होत नाही. मात्र शेजारची काळी चेन आणि काळे बकल यांपेक्षा कापड उजळ होऊन राखाडी वाटू लागले, तर आपण फार वर गेलो असे समजावे.

दुसरे कारण चकाकीचे आहे. पॉलिस्टरच्या पृष्ठभागावरून थेट परतणारी चमक कापडाच्या रंगावर अवलंबून नसते. ती करड्या कापडावर जेवढी असते, साधारण तेवढीच काळ्यावरही असते. गुणाकारात मात्र ती रंगाबरोबर बुडून जाते. ती परत मिळवण्यासाठी `new` ची ओळ काळ्यापुरती अशी बदलावी:

```python
new = np.clip(S * target + 0.08 * np.clip(S - 1.1, 0, None), 0, 1)
```

याचा अर्थ असा की मधल्या उजळपणापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उजळ असलेल्या जागीच थोडा पांढरा प्रकाश मिसळला जातो. ०.०८ हा आकडा कापडानुसार बदलावा. नमुन्याचा काळा तुकडा वळवून त्यावरची चमक पाहावी. आकडा जास्त झाला की पॉलिस्टर रेक्झिनसारखे दिसू लागते.

येथे अनेक जण काळ्यापुरते मॉडेलकडे वळतात आणि चित्रावरून चित्र करण्याच्या पद्धतीने चमक आणतात. ते करायचेच असेल तर कॉम्फीयूआय या चित्रनिर्मितीच्या साधनात `denoise`, म्हणजे मॉडेलने चित्र किती बदलावे हे ठरवणारा आकडा, ०.२ ते ०.२५ च्या आत ठेवावा आणि मास्कसाठी `Set Latent Noise Mask` वापरावे. `VAE Encode (for Inpainting)` मास्कखालचे मूळ पिक्सेल पुसून टाकते, त्यामुळे तेथे कमी `denoise` चालत नाही आणि सॅक नव्याने रचली जाते. एवढे करूनही टाके थोडे हलतातच. म्हणून मॉडेलच्या चित्रातून केवळ चकाकी घ्यावी: ते चित्र वीसेक पिक्सेलांनी धूसर करून त्यातला मोठ्या भागांचा उजळपणा तेवढा उचलावा, आणि टाके, विण, कडा हे सर्व आपल्या गणिती चित्रातलेच ठेवावे. मास्कबाहेरचा भागही मॉडेलमधून आक्रसून परत उलगडलेला असतो, त्यामुळे तो दिसायला सारखा असला तरी तसाच राहत नाही. `ImageCompositeMasked` ने मूळ पिक्सेल पुन्हा वर बसवणे आवश्यक असते.

फिकट टोकालाही अशीच अडचण आहे. ऑफव्हाइट सॅक मागितली गेली, तर उजळ भाग कापले जाऊन तेथील टीप पुसली जाते, आणि रंग थोडा खाली आणणे एवढाच उपाय उरतो.

तपासणी

आकार खरोखर टिकला का हे नजरेच्या अंदाजावर सोडू नये. पहिली तपासणी यांत्रिक आहे. मास्कच्या बाहेर एकही पिक्सेल बदललेला नसावा:

```python
a = cv2.imread("master.png").astype(int)
b = cv2.imread("navy.png").astype(int)
m = cv2.imread("mask.png", 0)
print(np.abs(a - b)[m == 0].max())
```

उत्तर शून्यच यायला हवे. दोन किंवा तीन आले, तर मधल्या एखाद्या पायरीवर चित्र जेपेगमध्ये साठवले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. काम पूर्ण होईपर्यंत सर्व फाइली पीएनजीमध्येच ठेवाव्यात. ही तपासणी कटआउट लावण्याआधी करावी, नाहीतर पार्श्वभूमीचा फरकही मोजला जाईल.

मास्कच्या आतली तपासणी डोळ्यानेच होते, पण रीतसर. दोन रंगांची चित्रे एकमेकांवर थर म्हणून ठेवून वरचा थर भरभर दाखवावा आणि लपवावा. आकार स्थिर असेल तर फक्त रंग लुकलुकतो. एक पिक्सेलही सरकला असेल तर ती जागा उडी मारताना दिसते. डोळा स्थिर चित्रांतला फरक चुकवतो, पण हालचाल चुकवत नाही. चित्र शंभर टक्के झूमवर ठेवून चार जागा अशा तपासाव्यात: खिशाचा वरचा कोपरा, चेनचे टोक, पट्टा जेथे कापडात शिरतो ती जागा, आणि तळाची वळणदार शिवण. काळ्यासाठी मॉडेलचा आधार घेतला असेल, तर खिशाच्या वरच्या कडेवरील टाके मूळ प्रतिमेत आणि काळ्या चित्रात प्रत्यक्ष मोजावेत. आकडा वेगळा आला, तर मॉडेलचा तपशील कुठूनतरी गळून आत आला आहे.

शेवटची जेपेग करताना मरूनकडे लक्ष द्यावे. जेपेगची नेहमीची मांडणी रंगाची माहिती अर्ध्या बारकाईने साठवते, आणि लालसर कापड काळ्या चेनला भिडते तेथे त्यामुळे काठ पुसट होतो. साठवण्याच्या चौकटीत 4:4:4 हा पर्याय असेल तर तो पाचही चित्रांसाठी निवडावा.

ही पद्धत कुठे थांबते

छापील नक्षीचे कापड, प्रकाश परतवणारी पट्टी आणि पारदर्शक खिसा यांवर ही पद्धत चालत नाही. त्यांचे वेगळे फोटोच काढावे लागतात. बाजूच्या जाळीच्या खिशातून मागचे कापड दिसत असते, त्यामुळे तेथे दोन रंग एकमेकांत मिसळलेले असतात. जाळी काळीच ठेवून तिच्यावर कापडाचा मास्क तीस-चाळीस टक्के इतका पातळ लावला, तर कॅटलॉगपुरते काम भागते, पण जवळून पाहिल्यास ते खरे वाटत नाही.

एका रंगात माल वेगळ्या प्रकारे शिवला जाणार असेल, उदाहरणार्थ मोहरी सॅकला कारखानदार नारिंगी पायपिंग लावणार असेल, तर त्या रंगाचे चित्र इतरांसारखे दाखवणे चुकीचे ठरते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला वस्तूचे वर्णन आणि चित्र प्रत्यक्ष वस्तूशी जुळते असे हमीपत्र द्यावे लागते. त्यामुळे रंग चढवण्यापूर्वी गाळ्यातून प्रत्येक रंगाचा दोरा, चेन आणि पायपिंग लिहून घ्यावे, आणि जो रंग वेगळा असेल त्याची मूळ प्रतिमा वेगळी करावी.

कापडाचा नवा लॉट आला की रंगाचे आकडे पुन्हा मोजावेत. रंगाईच्या दोन लॉटांत, विशेषतः मरून आणि बाटली हिरव्यात, डोळ्याला जाणवेल इतका फरक पडू शकतो. तेव्हा बदलायची असते ती `target` ची एक ओळ. मूळ प्रतिमा, मास्क, कटआउट, सावलीचा थर आणि `ref` चा आकडा एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवलेला असेल, तर पुढच्या हंगामात सहावा रंग त्याच सॅकवर, त्याच टाक्यांवर, तुकड्याचा फोटो काढल्याबरोबर चढवता येतो.